मदत हवी आहे: दीड एचपी सिंगल फेज बोअरची मोटर फक्त घूं करते, उचलत नाही

बेसावाला
नमस्कार मंडळी. बेसा रोडला घर आहे. बोअर ३२० फूट, मोटर २४० फुटांवर सोडलेली. दीड एचपी, सिंगल फेज, तीन वायरवाली सबमर्सिबल. केबल २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची चपटी. पॅनल साधं: हिरवं बटण, लाल बटण, व्होल्टमीटर, अॅम्पियरमीटर, आत एक काळा गोल कंडेन्सर आणि एक पांढरा.

चार दिवसांपासून हिरवं बटण दाबलं की बोअरमधून घूं आवाज येतो, अॅम्पियरचा काटा ३० च्या टोकाला जाऊन चिकटतो आणि काही सेकंदांत ओव्हरलोड पडतो. बटण दाबायच्या आधी व्होल्टेज २०५, दाबल्यावर १६५. मिस्त्री म्हणून राहिला की मोटर जळाली, वर काढावी लागेल. काढायच्या आधी वरूनच काही तपासता येईल का? मल्टिमीटर आहे, क्लॅम्प मीटर शेजाऱ्याकडे आहे.

नंदनवन_इलेक्ट्रिक
कंडेन्सर गेला भाऊ. दहातल्या आठ वेळा तेच असते. ५० एमएफडी ४४० व्होल्टचा पांढरा घ्या, इतवारीत कुठेही मिळेल. लावा आणि चालू करा.

बेसावाला
तो परवाच बदलला. नवा ५० चा लावला. फरक शून्य.

विहिरीवरचे_काका
आमच्या विहिरीच्या मोनोब्लॉकला अगदी असंच होत होतं. मागचं पंख्याचं झाकण काढून पंखा हाताने फिरवला आणि स्विच दिला की मोटर घ्यायची. आतला सेंट्रीफ्यूगल स्विच काळा पडला होता, पॉलिश पेपर मारला, ठीक झालं. तुम्हीही तो स्विच पाहून घ्या.

वाइंडर_महाल
काका, तुमचं मोनोब्लॉकसाठी बरोबर आहे, पण यांची मोटर २४० फूट खाली पाण्यात आहे. तिथे हात पोचत नाही, आणि बोअरच्या मोटरमध्ये सेंट्रीफ्यूगल स्विच नसतोच. त्याचं काम वर पॅनलमध्ये हिरवं बटण करतं. यांचा घोळ तिथेही असू शकतो.

बेसावाले, घूं आवाज येतो म्हणजे रन वाइंडिंगला करंट पोचतोय. मोटर फिरायला स्टार्ट वाइंडिंगलाही पुरेसा करंट लागतो. तो कुठे अडतोय एवढंच शोधायचं आहे.

आधी मेन एमसीबी पाडा. नुसत्या लाल बटणावर भरवसा ठेवू नका, बऱ्याच पॅनलमध्ये ते एकच तार तोडतं. मग दोन्ही कंडेन्सरच्या टोकांवर शंभर वॅटचा जुना बल्ब होल्डरसकट दोन-तीन सेकंद लावून ते रिकामे करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय वाईट, टोकं जळतात आणि कंडेन्सरही खराब होतो.

बोअरकडे जाणाऱ्या तीन वायर टर्मिनलवरून सोडवा आणि दोन-दोन वायरमधला रेझिस्टन्स मोजा. तिन्ही आकडे इथे टाका. रंगांवर जाऊ नका, खालच्या जॉइंटला कोणी काय जोडलं ते वरून दिसत नाही.

बेसावाला
मोजलं. लाल-निळा २.९, पिवळा-निळा ४.६, लाल-पिवळा ६.४ ओहम. पण २.९ आणि ४.६ मिळून ७.५ होतात. इथे १.१ कमी येऊन राहिले. वाइंडिंग शॉर्ट आहे का?

वाइंडर_महाल
नाही, उलट हे आकडे चांगले आहेत. सगळ्यात मोठा आकडा लाल-पिवळ्यात आला, म्हणजे उरलेला निळा कॉमन. निळ्याशी कमी रेझिस्टन्सचा लाल तो रन, जास्तीचा पिवळा तो स्टार्ट.

१.१ चा फरक केबलचा आहे. तुम्ही वरून मोजता, म्हणून प्रत्येक आकड्यात केबलचं जाणं-येणं धरलेलं असतं. दोन आकड्यांची बेरीज केली की केबल दोनदा मोजली जाते, लाल-पिवळ्यात मात्र एकदाच. २.५ च्या तांब्याला किलोमीटरमागे साधारण ७.४ ओहम असतात. तुमचं जाणं-येणं सुमारे १५५ मीटर, म्हणजे १.१५ च्या जवळपास. हिशेब जुळला, तेव्हा तार कुठे तुटलेली नाही आणि खालचा जॉइंटही धरून आहे.

आता तिन्ही वायरपैकी प्रत्येकीचा अर्थिंगशी मेगर घ्या. ५०० व्होल्टचा मेगर मिस्त्रीकडे असेल. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही, तो काही व्होल्टवरच मोजतो आणि ओल्या जॉइंटलाही चांगलं म्हणतो.

मग वायरी परत जोडा, क्लॅम्प फक्त पिवळ्या वायरवर लावा आणि बटण दोन सेकंदच दाबा. शून्य आलं तर पिवळ्याकडे काहीच जात नाही. तीनच्या आसपास आलं तर फक्त पांढरा कंडेन्सर काम करतोय, काळा मध्ये येतच नाही. दहाच्या वर आलं तर वाइंडिंगला पुरेसं मिळतंय, आणि मग पंप जाम आहे किंवा व्होल्टेज कमी पडतंय. दोन प्रयत्नांमध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. काळा कंडेन्सर एका वेळी दोन-तीन सेकंदांसाठीच असतो.

बेसावाला
मेगर ४ मेगओहम दाखवतो, तिन्हीला. पिवळ्यावर क्लॅम्प ३.१ अॅम्पियर.

नंदनवन_इलेक्ट्रिक
मग काळा कंडेन्सर गेला. मी कंडेन्सरच म्हटलं होतं, रंग फक्त चुकला. १२०-१५० एमएफडीचा घ्या.

वाइंडर_महाल
असेलही, पण आणण्याआधी मोजा. रिकामा करून एक टोक सोडवा आणि मीटरच्या कंडेन्सर रेंजवर लावा. १२० ते १५० च्या आत आला, फुगलेला किंवा तेल सोडलेला नसला, तर तो बरा आहे. मग हिरव्या बटणाच्या मागचा दुसरा कॉन्टॅक्ट पाहा. बटणात दोन जोड्या असतात. एक मोटर चालू करते. दुसरी बटण दाबलेलं असेपर्यंतच काळ्याला पांढऱ्याच्या जोडीला आणते. दर सुरुवातीला दहा-बारा अॅम्पियर हीच जोडी तोडते, म्हणून जळतेही हीच. बटण दाबून धरून तिच्यावर कंटिन्युइटी घ्या.

बेसावाला
कंडेन्सर १३८ दाखवतो. कॉन्टॅक्टवर बीपच नाही. उघडून पाहिलं, दोन्ही टिकल्या कोळशासारख्या काळ्या आणि एकीत खड्डा. पॉलिश पेपर मारला तर बीप आली, मोटर एकदा उचलली, पाणी आलं. दुसऱ्या वेळी परत घूं.

वाइंडर_महाल
पेपरने टिकलीवरचा चांदीचा थर निघतो आणि उरलेली टिकली आणखी लवकर जळते. बटणाचा कॉन्टॅक्ट ब्लॉक सुटा मिळतो, तोच बदला. जुना सोबत न्या म्हणजे मापाचा मिळेल.

एक लक्षात ठेवा. हीच जोडी कधी उलटी चुकते, चिकटून बसते. तेव्हा मोटर उचलते, पण काळा कंडेन्सर मध्येच राहतो, तापतो आणि फुटतो. नवा ब्लॉक लावल्यावर पिवळ्यावर परत क्लॅम्प लावा. बटण सोडताच करंट झपकन उतरायला हवा. उतरला नाही तर लगेच लाल दाबा.

शुभांगी_आयटीआय
वाइंडर दादा, कॉन्टॅक्टचं पटलं. पण २०५ वरून १६५ वर कोणी बोललं नाही. सुरुवातीला दीड एचपीची मोटर ३५ अॅम्पियरच्या आसपास ओढते. केबलच्या १.१ ओहमवर त्यातले ३५-४० व्होल्ट जातात, म्हणजे पॅनलवर १६५ तर मोटरजवळ १३० च्या आत-बाहेर. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. १३० भागिले २२० याचा वर्ग केला तर ०.३५ येतो, म्हणजे सुरुवातीच्या ताकदीचा तिसरा हिस्सा उरला. नवा ब्लॉकसुद्धा यावर किती दिवस टिकेल? मोटर उशिरा उचलते, माणूस बटण धरून ठेवतो आणि तीच टिकली परत जळते.

बेसावाले भाऊ, एकाने बटण दाबावं आणि दुसऱ्याने मीटरच्या बाहेरच्या टोकांवर व्होल्टेज पाहावं. तिथेही १६५ झालं तर खांबावरून येणारी लाइन कमजोर. तिथे १९० च्या वर आणि पॅनलवर १६५, तर मधले व्होल्ट घरातल्या वायरिंगमध्ये जातात. त्या वाटेवरचा एमसीबीचा स्क्रू, न्यूट्रल लिंक आणि कटआउट तपासा. एखादी जागा गरम लागेल.

विहिरीवरचे_काका
आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर लागले की १७० वर येते. स्टॅबिलायझर लावून टाका.

शुभांगी_आयटीआय
काका, मोटरचा सुरुवातीचा ३५ अॅम्पियर पेलणारा स्टॅबिलायझर पाच केव्हीएच्या पुढचा लागतो, आणि मोटर उचलण्याच्या त्या दोन सेकंदांत त्याचा रिले बदलतो तेव्हा झटका बसतो. आधी फुकटातली तपासणी होऊ द्या.

नंदनवन_इलेक्ट्रिक
पंप जाम असेल तर लाल-पिवळा अदलाबदल करून एक सेकंद उलटा झटका देतात, गाळ सुटतो. तेही करून पाहा न.

वाइंडर_महाल
इथे गरज नाही, मोटर एकदा उचलली आणि पाणी आलं, म्हणजे जाम नाही. आणि जिथे जाम असतो तिथेही मी करत नाही. तसं जोडलं की लाइन सरळ स्टार्ट वाइंडिंगवर येते, आणि उलट्या झटक्याने पाइपचे आटे सैल होऊ शकतात. पंप बोअरमध्ये सुटला तर मग क्रेन बोलवा.

नंदनवन_इलेक्ट्रिक
एका सेकंदात आटे सुटत नाहीत दादा. एचडीपीई पाइप असेल तर बरेच जण करतात.

वाइंडर_महाल
करतात, हे मान्य. माझं मत तेच राहील.

बेसावाला
आज केलं. नवा कॉन्टॅक्ट ब्लॉक लावला. पिवळ्यावर आता बटण दाबताना ११.४ आणि सोडल्यावर ३.९. मोटर सेकंदाच्या आत उचलते. चालताना अॅम्पियरमीटरवर ९.५.

ताईंनी सांगितलेलं मोजमापही केलं. बटण दाबताना मीटरवर १९२ आणि पॅनलवर १६५ येत होतं. एमसीबीच्या खालचा न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, वायरचं इन्सुलेशन करपलेलं होतं. टोक कापून नवं लग लावलं. आता पॅनलवर १८३ राहतं. पण काल रात्री आठला बटण दाबायच्या आधीच मीटरवर १७८ होतं, आणि मोटर तीन सेकंद घूं करून मग उचलली.

शुभांगी_आयटीआय
सध्या रात्री सात ते अकरा मोटर लावू नका, टाकी सकाळी भरा. आठवडाभर रात्री आठला मीटरवरचं व्होल्टेज लिहून ठेवा, तारीख-वेळेसह. शेजारच्या दोन घरांचंही घ्या. तिन्हीकडे १७८ येत असेल तर तक्रार लाइनची. फक्त तुमच्याकडे आलं तर खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरचा जॉइंट पाहायला लागेल, आणि तो वीज कंपनीच्या माणसानेच उघडायचा.

बेसावाला
ठीक. शेजाऱ्यांकडचे आकडे घेऊन सोमवारी इथेच टाकतो.