प्रतिसाद: एका पानाचं मेमोरँडम

"रत्नागिरीतल्या आमच्या आंबा पल्पच्या कंपनीची इंग्लंडमध्ये उपकंपनी काढतोय. कंपनी स्थापनेचं मेमोरँडम एकाच पानाचं आलंय, कंपनी काय धंदा करणार ते उद्देशच नाहीत. चालेल?"

चालेल. तिथल्या 2006 च्या कंपनी कायद्याने उद्देश मोकळे ठेवलेत. बंधन हवंच असेल तर ते आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत घालतात. त्या पानावर बघायचं ते एवढंच, सातबाऱ्यावर बघतो तसं: नाव कुणाचं? सबस्क्रायबर, म्हणजे पहिले शेअर घेणारा म्हणून तुमचं नाव असेल तर शेअर तुमचे, रत्नागिरीच्या कंपनीचे नव्हेत. मग ती उपकंपनी कसली! नोंदणीनंतर मेमोरँडम बदलता येत नाही, शेअर हस्तांतरित करत बसावं लागतं. म्हणून आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आर्टिकल्स बहुधा सरकारी नमुन्याचे असतील. त्यात संचालकांच्या सभेचा कोरम, म्हणजे लागणारी हजेरी, किमान दोन आहे, कलम 11(2). एकच संचालक ठेवणार असाल तर ते कलम बदलूनच नोंदणी करा, नाहीतर पुढे ठरावांवर वाद होतो.