प्रतिसाद: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती?

>> "१५ लाख सीटीसी म्हणतायत, हो म्हणू का?"

आकड्याला हो म्हणण्याआधी फिक्स्ड किती ते एचआरला विचारा, वर कुणीतरी म्हटलंय ते बरोबरच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. मलाही १५ लाखच सांगितले होते. त्यात ३ लाख व्हेरिएबल निघाले, आणि उरलेल्या १२ लाखांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटी साधारण २८,८०० धरलेली. म्हणजे मनात महिना सव्वा लाख, आणि हातात येण्याआधीचा ग्रॉस जेमतेम ९५,८००! (टॅक्स आणि आपला पीएफ त्यातूनच कापला जातो.)

खरी मेख पुढे होती. व्हेरिएबल वर्षातून एकदा, जूनमध्ये, आणि त्या दिवशी तुम्ही नोटीस पीरियडवर असाल तर शून्य. मी मे महिन्यात राजीनामा दिला, अख्ख्या वर्षाचे पैसे बुडाले. म्हणून रिक्रूटरला सरळ विचारा: "या बँडला गेल्या दोन वर्षांत किती टक्के मिळालं, आणि नोटीसमध्ये असताना मिळतं का?" उत्तर ईमेलवर मागा. "साधारण शंभर टक्के मिळतं हो" असं फोनवर सगळेच सांगतात.