प्रतिसाद: ४५० चा फरक

«यंत्र १ लाखाचं, १ ऑक्टोबरला घेतलं, घसारा १०%. सरळ रेषेने ७५,००० बरोबर आले. ऱ्हासमान शेषाने तिसऱ्या मार्चअखेर ७७,४०० येतात, उत्तर ७६,९५०. कुठे चुकलं?»

फरक ४५०. ऱ्हासमान शेषात जुनी चूक दरवर्षी ०.९ पट होत पुढे सरकते, म्हणून ४५० ला ०.९ ने भागा: ५००. म्हणजे दुसऱ्या वर्षी घसारा ५०० ने कमी पडलाय. तुम्ही ९५,००० ऐवजी ९०,००० वर १०% काढले असणार, जणू पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे ५,००० नव्हे, पूर्ण १०,००० गेले. (मीही हेच करायचो.) ९५,००० ला दोनदा ०.९ ने गुणा, ७६,९५० येतात. सरळ रेषेत ही चूक लपते, कारण तिथे दरवर्षी मूळ किमतीवरच १०,००० जातात.