अनुभव धागा: लग्नाच्या आदल्या रात्री, गुपचूप कापलेल्या बटा

रानजाई: परवा मामेबहिणीच्या लग्नात पहाटे मेकअपवाली आली आणि नवरीकडे बघून म्हणाली, "ट्रायलला बटा एवढ्या आखूड नव्हत्या." नवरी गप्प! सगळे झोपल्यावर बाईसाहेबांनी नखं कापायच्या कात्रीने कारभार उरकला होता. तुमच्याकडे घडलंय का असं? लिहा.

चैत्रपालवी: माझ्याच लग्नात. हळदीचं तेल काढायला रात्री न्हाले. ओल्या बटा डोळ्यांत जात होत्या म्हणून भुवईच्या रेषेत सरळ कापल्या. केस माझे कुरळे. सकाळी वाळल्यावर बघते तर अर्ध्या कपाळावर! त्यात मुंडावळ्यांची दोरी नेमकी तिथेच बसली आणि उरलेल्या बटा छपरासारख्या वर उचलल्या गेल्या. अंतरपाट धरलेल्या मामाला हसू आवरेना.

आरसेमहाल: माझं पार्लर आहे, अशा नवऱ्या दर सीझनला येतात. केस ओला असताना ताणला जातो, वाळला की वर जातो. कुरळा तर फारच. त्यात बोटांत ओढून धरून कापला की संपलंच. पुढचे केस कोरडेच, न ओढता, कात्री उभी धरून टोकांना थोडं थोडं लावत कापायचे. आणि एक बाजू आखूड झाली म्हणून दुसरी कापायला जाऊ नका, त्या नादात कपाळ मोकळं होतं.

माई_नाशिक: आमच्या वेळी साधना कटचं वेड होतं. धाकट्या जावेने असंच केलं होतं. सासूबाईंनी रात्री भरपूर तेल थापून फडकं बांधलं. सकाळी केस लांबले होते, खोटं नाही सांगत.

आरसेमहाल: माई, तेलाने केस चपटे बसतात म्हणून लांब दिसतात. वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. आणि तेलकट केसांत पिना घसरतात. मी फक्त मुळं ओली करते, ड्रायरची हवा आधी डावीकडून, मग उजवीकडून देते, म्हणजे भोवरा असला तरी केस वळतात. मग भांग बाजूला घेऊन बटा आडव्या करायच्या, दोन काळ्या पिना फुलीसारख्या अडकवायच्या आणि वरून मुंडावळ्या. बोटभर तरी लांबी उरलेली हवी, त्याखाली पिनेत काही सापडत नाही.

गावकरी_दादा: मी आदल्या रात्री मिशी काढली होती. हार घालताना बायको दचकली. चालेल का इथे?

माई_नाशिक: चालेल. पण जाऊबाईंचे केस लांबलेच होते हो.

रानजाई: आमच्या नवरीच्या बटा बोटभरही उरल्या नव्हत्या, म्हणून क्लिपच्या खोट्या बटा लावल्या. मंगलाष्टकांपर्यंत ठीक होत्या, पण मुंडावळ्या सोडताना क्लिपही सोबत निघाली. दोरी आधी की क्लिप आधी?