मदत हवी आहे: फिरत्या आरशाच्या प्रयोगात c निम्माच येतोय

नमस्कार मंडळी, भाची ठाण्यात बीएस्सीला आहे, तिच्या जर्नलवर मी अडकलोय. फूकोने 1862 मध्ये प्रकाशाचा वेग c मोजायला केलेलाच प्रयोग, फक्त लेसर आणि मायक्रोस्कोप वापरून. फॉर्म्युला दिलाय

```
c = 4·A·D²·ω / ((D+B)·Δs)
```

A म्हणजे लेसर जिथे पहिल्यांदा फोकस होतो तिथून दुसऱ्या लेन्सपर्यंत 0.26 मीटर, B त्या लेन्सपासून फिरत्या आरशापर्यंत 0.50, आणि D तिथून स्थिर आरशापर्यंत 10 मीटर. आरसा एकदा सुलट 1000 फेरे प्रति सेकंद फिरवला, मग तेवढाच उलट, आणि मायक्रोमीटरच्या दोन रीडिंगमधला फरक 0.42 मिमी आला.

आता तिची लॅब पार्टनर म्हणते ω = 2π × 1000, मग c येतो 1.48 × 10⁸, म्हणजे निम्माच! मला वाटतं Δs दोन्ही दिशांचा मिळून घेतलाय तर स्पीडही 2000 धरायला हवा, तसं केलं की 2.96 × 10⁸ येतं. आरसा θ वळला की किरण 2θ वळतो तो दोनचा गुणक 4 मध्ये आधीच आहे ना, की तोही वेगळा घ्यायचा? उत्तर जुळतंय म्हणून हवा तिथे दोन घुसवणं मला पटत नाही.

अजून एक, मायक्रोमीटर 0.01 मिमीचाच आहे, म्हणजे एक रेघ इकडेतिकडे झाली की c मध्ये साधारण 7 × 10⁶ चा फरक पडतो, त्यात ठिपका जाडसर, मध्य कुठला तेच कळेना, आणि स्क्रू उलटा फिरवला की थोडा रिकामा फिरतो. दोन्ही रीडिंग एकाच बाजूने स्क्रू आणून घ्यायची का? एरर किती लिहू?