मदत हवी आहे: t = tan(θ/2) वापरून त्रिकुटं काढतोय, पण काही दुप्पट होऊन परत का येतायत?

कर्णरेषा

नमस्कार मंडळी. एकक वर्तुळावरचे परिमेय बिंदू काढायची जी पद्धत आहे ना, `t = tan(θ/2)` घ्यायचं आणि मग

`x = (1 - t²)/(1 + t²)`, `y = 2t/(1 + t²)`

ती मला नीट समजलीय. (-1, 0) मधून t चढाची रेषा काढली की ती वर्तुळाला अजून एकाच ठिकाणी छेदते, वर्गसमीकरणाचं एक उत्तर -1 आधीच माहितीय म्हणून दुसरं पण परिमेयच येणार, आणि अर्धा कोन का तर त्या बिंदूपाशी होणारा कोन केंद्राजवळच्या कोनाच्या निम्मा असतो. इथपर्यंत सगळं छान.

आता `t = m/n` ठेवून छेद काढून टाकला की त्रिकूट मिळतं, म्हणून हा छोटा प्रोग्रॅम लिहिला:

```python
from math import gcd
for n in range(2, 8):
    for m in range(1, n):
        if gcd(m, n) == 1:
            print(n*n - m*m, 2*m*n, n*n + m*m)
```

३-४-५ आलं, ५-१२-१३ आलं, पण मधेच ८-६-१०, २४-१०-२६, १६-३०-३४ असली पण आली. m आणि n चा मसावि १ आहे हे तपासूनच पुढे जातोय, तरी त्रिकुटात २ सामाईक कुठून येतो? आणि ८-६-१० म्हणजे ३-४-५ च उलटं करून दुप्पट केलेलं, हा योगायोग आहे का?

मोकळा_कंस

सोपंय, दोन्ही विषम आले की सोडून द्या. `(n - m) % 2 == 1` एवढी अट टाका, काम झालं.

पण एक लक्षात घ्या, हे सूत्र मुळात अपुरं आहे. ९-१२-१५ हे त्रिकूट यातून कधीच येणार नाही, m आणि n कुठलेही घ्या, कारण दोन वर्गांची बेरीज १५ होतच नाही. त्यामुळे सगळी त्रिकुटं हवी असतील तर नुसत्या t वर विसंबू नका.

जुनी_वही

अट बरोबर आहे, पण अपुरं म्हणणं मला पटत नाही. वर्तुळावर बघा ना, ९/१५ आणि १२/१५ म्हणजे ३/५ आणि ४/५, बिंदू तोच. t बिंदू देतो, आणि बिंदू एकही सुटत नाही. वर्तुळावरचा कुठलाही परिमेय बिंदू घ्या, `t = y/(1 + x)` केलं की त्याचा t हातात. सुटतो तो फक्त (-1, 0), जिथून रेषा काढतोय तोच, कारण तिथे रेषा उभी होते आणि चढाला किंमतच राहत नाही. ९-१२-१५ हवं असेल तर ३-४-५ ला ३ ने गुणा.

आता कर्णरेषा यांचा मूळ प्रश्न. `n² - m²` आणि `n² + m²` या दोघांना भाग देणारी एखादी मूळसंख्या असेल तर ती त्यांच्या बेरजेला म्हणजे `2n²` ला आणि वजाबाकीला म्हणजे `2m²` ला पण भाग देणार. m, n सहमूळ आहेत, म्हणजे २ सोडून दुसरी कुठली मूळसंख्या चालणारच नाही. आणि २ कधी येईल, तर दोन्ही विषम असतील तेव्हाच. शिवाय विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून `n² + m²` ला भागल्यावर बाकी २ उरणार, म्हणजे सामाईक २ एकदाच येतो, ४ कधीच येत नाही. म्हणून तुमची ती त्रिकुटं दुप्पट दिसतात, चौपट नाही.

उलटं का येतं ते मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. x आणि y ची अदलाबदल म्हणजे θ च्या जागी त्याचा कोटिकोन. मग अर्धा कोन होतो ४५° वजा θ/२, आणि त्याचा टॅन

`t' = (1 - t)/(1 + t)`

`t = 1/3` घाला, `t' = 1/2` येतं, म्हणजे ३-४-५ चा नेहमीचा t. `t = 1/5` घाला, `(4/5)/(6/5)` म्हणजे `2/3`, आणि ते तुमचं ५-१२-१३. म्हणजे प्रत्येक त्रिकुटाला ० ते १ मधे दोन t आहेत. एकात m, n पैकी एक सम एक विषम, दुसऱ्यात दोन्ही विषम, आणि विषम-विषमवाला नेहमी दुप्पट होऊन येणार. म्हणून तो गाळला तरी एकही त्रिकूट हातचं जात नाही, हे नुसती अट टाकून कळत नाही.

कर्णरेषा

वा, आता उजेड पडला! योगायोग नाहीच म्हणजे. अट टाकली आणि कर्ण १०० च्या आतली काढली तर १६ मिळाली, ३-४-५ पासून ६५-७२-९७ पर्यंत. फक्त क्रम विस्कटलेला येतो, n ७ ला `m = 6` घेतलं की कर्ण ८५ आणि मग n ८ ला `m = 1` घेतलं की ६५.

जुनी_वही

हो, n वाढला म्हणजे कर्ण वाढतोच असं नाही. कर्णाची मर्यादा ठरवून `n² + m²` त्याच्या आत असेपर्यंत सगळे घ्या (१०० साठी n ९ पर्यंत पुरतो) आणि शेवटी सॉर्ट करा.

फिरकी_मॅट्रिक्स

माझं काम जरा वेगळंय, पण याच सूत्राचं आहे म्हणून इथेच विचारते. मला चित्र ३०° ने फिरवायचंय आणि दशांशातल्या चुका साठायला नकोत, म्हणून साइन-कोसाइन दोन्ही परिमेय हवेत. tan 15° म्हणजे 2 - √3, साधारण ०.२६७९. `t = 1/4` घेतलं तर १५/१७, ८/१७, कोन २८.०७° च येतो. `t = 4/15` घेतलं तर २०९/२४१, १२०/२४१, कोन २९.८६°. हे बारा वेळा फिरवलं तर पूर्ण फेरी होईल ना?

मोकळा_कंस

होईल की, अपूर्णांक अचूक आहेत, चूक येईलच कुठून.

जुनी_वही

नाही होणार. लांबी अगदी अचूक राहील, चित्र कणभरही लहानमोठं होणार नाही, पण कोन ३०° नाहीये, प्रत्येक वेळी ०.१४° कमी पडतो, बारा वेळा मिळून पावणेदोन अंशाच्या आसपास. आणि बारावरच अडतं असं पण नाही, ९०° च्या पटीतले कोन सोडले तर दुसरा कुठलाही परिमेय बिंदू कितीही वेळा फिरवा, सुरुवातीच्या जागी कधीच परत येत नाही. वर प्रत्येक वेळी छेद २४१ पटीने वाढत जाईल. एकाच मापाने पुन्हापुन्हा फिरवण्यापेक्षा ३०, ६० ला वेगळा t शोधा आणि दर वेळी मूळ चित्रावरूनच फिरवा.

फिरकी_मॅट्रिक्स

बरं, तसंच करते. पण मग यातच एक अडकलं. `t = 3/11` दोन्ही विषम, म्हणून १३० चा ६५ झाला, ५६/६५ आणि ३३/६५, कोन ३०.५१°. म्हणजे विषम-विषम t ला कर्ण निम्म्यात मिळतो. मग लहानात लहान कर्णात जवळात जवळचा कोन हवा असेल तर t चा छेद लहान ठेवून शोधणं बरोबर आहे का, की विषम-विषमवाले वेगळे मोजायला हवेत?

जुनी_वही

वेगळे मोजायला हवेत हे नक्की. पण सगळे m, n न चाळता थेट सगळ्यात चांगला t काढायची रीत मला अजून सापडलेली नाही. २४१ च्या आत ३०° ला ४/१५ पेक्षा जवळचा कुठला आहे का, ते कर्णरेषांच्या प्रोग्रॅममधे दोन ओळी घालून बघता येईल.

कर्णरेषा

बघतो आज, विषम-विषमवाले परत आत घेऊन २ ने भागतो आणि यादी इथे टाकतो.