मदत हवी आहे: टिपणांवरून रुग्ण पडल्याचा अहवाल कसा लिहावा?

वॉर्ड_नाशिक: नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या पुरुष मेडिसिन वॉर्डात काल रात्री बेड ७ चे रुग्ण पडले आणि आज सायंकाळपर्यंत मला घटना अहवाल द्यायचा आहे. सिस्टरांचे टिपण आहे, ‘२.४० – बेड ७ पडला, रेलिंग खाली, मावशी जागेवर नाहीत.’ वॉर्डबॉयने लिहिले आहे, ‘२.३० ला आवाज, पेशंट खाली, फरशी ओली.’ कोणावरही ठपका न येता हे कसे मांडावे, कृपया लवकर सांगा.

निवृत्त_मेट्रन: पडताना कोणी पाहिले का? त्याआधी शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले? डोक्याला मार लागला का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

सातपूरकर: कारण उघड आहे. रेलिंग खाली होते म्हणून रुग्ण पडला, असे सरळ लिहावे.

निवृत्त_मेट्रन: मला हे मान्य नाही. गोंधळलेला रुग्ण वर केलेले रेलिंगही ओलांडतो आणि मग अधिक उंचावरून पडतो. ‘रेलिंग खाली होते’ हे निरीक्षण आहे. ‘म्हणून’ हा शब्द आला की तो निष्कर्ष होतो आणि त्याची जागा अहवालात नाही.

गोदाकाठ: माझी आई घरी न्हाणीघरात पडली, तेव्हा भिंतीला धरायचा दांडा बसवला. तुम्हीही बसवून घ्या.

वॉर्ड_नाशिक: पडताना कोणी पाहिले नाही. २ वाजता सिस्टरांनी सलाईन बदलले, तेव्हा ते जागे होते. ‘लघवीला निघालो, पाय सरकला,’ असे ते सांगतात. कपाळाला खरचटले आहे, क्लोपिडोग्रेल चालू आहे, लघवीची गोळी रात्री ९ ला दिली होती. डॉक्टरांनी २.५५ ला तपासून सीटी स्कॅन सांगितला. मावशी तेव्हा बेड १२ ची चादर बदलत होत्या.

निवृत्त_मेट्रन: मग ‘पडले’ असे न लिहिता ‘जमिनीवर आढळले’ असे लिहा आणि रुग्णाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवा. ‘जागेवर नाहीत’ याऐवजी मावशींना विचारून ‘त्या बेड १२ जवळ होत्या’ असे लिहा. फरशी कशाने ओली होती, हेही विचारा. सलाईनची नळी निसटली असेल किंवा पडल्यावर लघवी झाली असेल, तर ती ओल पडण्याचे कारण नसून परिणामही असू शकते. गोळीची वेळ नुसती नोंदवा, तिचा संबंध जोडू नका.

सातपूरकर: ओलीचा मुद्दा पटला. पण वेळ एकच धरावी, नाहीतर वाचणारा गोंधळेल.

निवृत्त_मेट्रन: एक वेळ निवडणे म्हणजे दुसऱ्याला खोटे ठरवणे. एकाने भिंतीवरचे घड्याळ पाहिले असेल, दुसऱ्याने मोबाईल, किंवा २.३० ही आवाजाची वेळ आणि २.४० ही टिपण लिहिल्याची असेल. दोन्ही वेळा कोणाच्या टिपणातून आल्या, ते लिहून ठेवा.

वॉर्ड_नाशिक: सुरुवात अशी केली आहे: ‘वॉर्डबॉयच्या टिपणानुसार २.३० वाजता आवाज आला व बेड ७ चे रुग्ण जमिनीवर आढळले. सिस्टरांच्या टिपणात २.४० ही वेळ आहे. पडताना कोणी पाहिले नाही.’ भिंतीवरचे घड्याळ मोबाईलच्या ४ मिनिटे मागे आहे, म्हणजे पूर्ण फरक त्याने भरून निघत नाही. फरशीबद्दल वॉर्डबॉय रात्री ८ ला आल्यावरच विचारता येईल, आणि अहवाल तर त्याआधी द्यायचा आहे.

निवृत्त_मेट्रन: ‘फरशी ओली होती, कशाने ते नोंदलेले नाही’ असे लिहून द्या आणि उत्तर मिळाल्यावर तारीख-वेळेसह पुरवणी जोडा.